पत्ता एकदा शोधला, मग तो किती दिवस आपला?

पुण्यातली एक पॅथॉलॉजी लॅब डोळ्यांसमोर आणा. घरी येऊन रक्ताचे नमुने नेण्याची सोय आहे. रोज 600 घरं, नमुने नेणारी 40 मुलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 15 घरं. पेशंट फोनवर पत्ता सांगतो, तो संगणकात जातो, आणि त्या पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढून मुलाच्या मोबाइलवर नकाशात टाचणी उमटते. पत्त्याच्या मजकुरावरून अक्षांश-रेखांश काढण्याच्या या कामाला जिओकोडिंग म्हणतात. ते काम गूगल, मॅपबॉक्स वगैरे कंपन्यांचे सर्व्हर करतात आणि दर रिक्वेस्टमागे पैसे घेतात.

महिन्याला 18,000 घरं, तेव्हा महिन्याला 18,000 रिक्वेस्ट होतील असं लॅबचा मालक धरून चालतो. बिल येतं ते 1,80,000 रिक्वेस्टचं. नेमकी हीच गोष्ट उलगडून बघायची आहे, कारण ती उलगडली की फुकट कोटा, दर आणि साठवणुकीचे नियम हे तिन्ही आपोआप उलगडतात.

दहापट आकडा आला कुठून? ॲप लिहिणाऱ्याने सोपा मार्ग धरला. मुलाने आजची यादी उघडली की यादीतल्या प्रत्येक पत्त्याचं जिओकोडिंग त्याच क्षणी करायचं. मुलगा दिवसात दहा वेळा यादी उघडतो: गाडी काढताना, लिफ्टची वाट बघताना, पुढचं घर कोणतं हे बघायला. 15 पत्ते गुणिले 10 वेळा गुणिले 40 मुलं, झाल्या रोजच्या 6,000 रिक्वेस्ट. ॲपच्या चाचणीच्या वेळी एकच मुलगा आणि तीनच पत्ते होते, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. फुकट कोट्यात सगळं बसत होतं, आणि जे फुकटात बसतं ते कोणी मोजत नाही.

आता दर बघू. गूगलने जुलै 2018 मध्ये नकाशा सेवांची दरपद्धत बदलली. तेव्हापासून प्रत्येक बिलिंग खात्याला महिन्याला 200 डॉलरची सूट मिळायची आणि ती कोणत्याही नकाशा सेवेवर वापरता यायची. जिओकोडिंग हजाराला 5 डॉलर, म्हणजे 200 डॉलरमध्ये 40,000 पत्ते. वेबपेजवर हलता नकाशा उघडणं हजाराला 7 डॉलर, म्हणजे साधारण 28,500 वेळा. किंवा दोन्ही थोडं थोडं.

मार्च 2025 पासून ही सामायिक सूट गेली. आता प्रत्येक सेवेला, त्यांच्या भाषेत प्रत्येक एसकेयूला, वेगळा फुकट कोटा आहे. जगभराच्या दरपत्रकात साध्या सेवांना, ज्यात जिओकोडिंगही येतं, महिन्याला 10,000, मधल्या सेवांना 5,000 आणि वरच्या सेवांना 1,000. मेसच्या कुपनांसारखं समजा. पूर्वी 200 रुपयांचं एक कुपन होतं, हवं ते खा. आता पोळीची कुपनं वेगळी, भाजीची वेगळी, आणि भाजीची उरली म्हणून पोळी जास्त मिळत नाही. जो दहा प्रकारच्या सेवा थोड्या थोड्या वापरतो त्याचा यात फायदा झाला. जो एकाच सेवेवर जगतो त्याला फटका बसला. महिन्याला 35,000 पत्ते शोधणाऱ्याचं बिल पूर्वी शून्य होतं, कारण 175 डॉलर 200 च्या आत बसायचे. आता 25,000 पत्त्यांचे 125 डॉलर.

भारतात मात्र चित्र वेगळं आहे. इथे बिलिंग खातं असणाऱ्यांसाठी ऑगस्ट 2024 पासून गूगलचं वेगळं, बरंच स्वस्त दरपत्रक लागू झालं. त्याच्या थोडंच आधी, जुलैमध्ये, ओलाने गूगलचे नकाशे सोडून स्वतःचे वापरायला घेतले होते आणि ते इतर कंपन्यांनाही द्यायला सुरुवात केली होती. दोन्हींचा संबंध ज्याने त्याने लावावा. भारतात जिओकोडिंग हजाराला दीड डॉलर आहे, आणि मार्च 2025 पासून साध्या सेवांचा फुकट कोटा 10,000 ऐवजी 70,000.

लॅबचा हिशेब दोन्ही पत्रकांवर करू. जगभराच्या दराने पहिल्या 10,000 फुकट, पुढच्या 90,000 ला हजारी 5 डॉलर म्हणजे 450, आणि एक लाखापुढच्या 80,000 ला हजारी 4 डॉलर म्हणजे 320. एकूण 770 डॉलर. भारतीय दराने 70,000 फुकट, उरलेल्या 1,10,000 ला दीड डॉलरने 165 डॉलर. पुण्याच्या लॅबला 165 चं बिल बघून फारसा घाम फुटणार नाही. पण हाच प्रोग्रामर हेच ॲप न्यू जर्सीतल्या एखाद्या लॅबसाठी बसवून देईल तेव्हा तोच निष्काळजीपणा 770 ला पडेल.

आता उपाय कोणालाही सुचेल: एकदा मिळालेले अक्षांश-रेखांश आपल्या डेटाबेसमध्ये ठेवून द्यायचे, पुन्हा विचारायचं नाही. यालाच कॅशिंग म्हणतात. (मी पुढे ‘कॅशे’ लिहितो. ‘कॅश’ लिहिलं तर मराठीत गल्ल्यातली रोकड वाटते, आणि बिलाच्या लेखात तो गोंधळ परवडणार नाही.) पण इथे तंत्राचा प्रश्न संपतो आणि कराराचा सुरू होतो. मिळालेलं उत्तर आपण विकत घेतलं की भाड्याने घेतलं?

तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात.

गूगल म्हणतं, भाड्याने. करारात मूळ नियम असा की त्यांची माहिती साठवायची नाही, आणि मग काही अपवाद दिले आहेत. जिओकोडिंगचा अपवाद असा: अक्षांश आणि रेखांश सलग 30 दिवसांपर्यंत तात्पुरते ठेवता येतात, नंतर पुसायचे. एवढंच. उत्तरासोबत आलेला नीटनेटका, पिनकोडसहितचा पत्ता या अपवादात येत नाही. तो उचलून पेशंटच्या रेकॉर्डमध्ये घालायचा मोह सगळ्यांना होतो, कारण पेशंटने सांगितलेल्या पत्त्यापेक्षा तो फार देखणा असतो. पेशंटने स्वतः सांगितलेला मजकूर मात्र तुमचा आहे, तो हवा तितका काळ ठेवा.

मॅपबॉक्स म्हणतं, दोन्ही मिळेल, किंमत वेगळी. त्यांच्याकडे तात्पुरतं जिओकोडिंग महिन्याला एक लाखापर्यंत फुकट आणि पुढे हजाराला 0.75 डॉलर आहे, पण ते उत्तर साठवायचं नाही. साठवायचं असेल तर रिक्वेस्टमध्ये `permanent=true` लिहायचं, आणि मग दर हजाराला 5 डॉलर. प्रश्न तोच, पण ‘हे मी ठेवून घेऊ का’ या परवानगीसकट किंमत नुसत्या उत्तराच्या जवळपास सातपट. नकाशा कंपन्या नेमकं काय विकतात ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

तिसरं ठिकाण ओपनस्ट्रीटमॅपचं. स्वयंसेवकांनी बनवलेल्या या नकाशाचा नॉमिनॅटिम नावाचा सार्वजनिक जिओकोडर फुकट आहे. तिथला नियम बरोबर उलटा: अनेक पत्ते शोधणार असाल तर उत्तरं तुमच्याकडे साठवलीच पाहिजेत, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलात तर बंदी येऊ शकते. सेकंदाला जास्तीत जास्त एक रिक्वेस्ट, आणि टाइप करता करता सूचना दाखवायला तो वापरायचा नाही. दान म्हणून मिळालेला सर्व्हर आहे, त्यामुळे व्यवसायाची रोजची गाडी त्यावर जुंपणं योग्य नाही. त्याच डेटावर ओपनकेजसारख्या सशुल्क सेवा चालतात, त्या उत्तरं कायम ठेवू देतात. नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय मात्र लिहावं लागतं. अडचण अशी की पुण्यातल्या गल्लीबोळातले सोसायट्यांचे पत्ते तिथे अनेकदा सापडत नाहीत.

गूगल 30 दिवसांचीच मुभा का देतं? एक कारण सरळ आहे: रस्ते, इमारती, घरक्रमांक बदलतात, आणि जुनी टाचणी चुकीची ठरली की दोष नकाशावर येतो. दुसरं धंद्याचं. सगळ्या शहराचे पत्ते एकदा विचारून कायमचे ठेवता आले, तर पाच-दहा हजार डॉलरमध्ये प्रतिस्पर्धी जिओकोडर तयार होईल. म्हणूनच गूगलच्या जिओकोडिंगचं उत्तर दुसऱ्या कोणाच्या नकाशावर दाखवायलाही मनाई आहे. ‘पत्ता गूगलकडून, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा’ ही जोडी मी अनेक छोट्या ॲपमध्ये बघितली आहे. ती स्वस्त पडते खरी, पण कराराबाहेरची आहे.

आता लॅबचं ॲप दुरुस्त करू. पहिली पायरी 30 दिवसांच्या आतला कॅशे.

```python
row = cache.get(address_id)
if row and row.age_days < 29:
    return row.lat, row.lng
```

30 ऐवजी 29 यासाठी की पुसण्याचं काम दिवसातून एकदाच होतं, आणि त्याची वाट बघताना मर्यादा ओलांडली जाऊ नये. आणि पुसण्याचं काम वेगळं, रोज रात्री:

```sql
DELETE FROM geo_cache
WHERE fetched_at < now() - interval '29 days';
```

दिसायला सोपं आहे, पण इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, काही कॅशे लायब्रऱ्यांमध्ये नोंद वाचली की तिची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची सोय असते. ती चालू असेल तर दर आठवड्याला तपासणी करणाऱ्या पेशंटची नोंद वर्षानुवर्षं जिवंत राहते. मुदत आणल्याच्या तारखेपासून मोजायची, शेवटच्या वापरापासून नाही. दुसरं, टेबलमधून पुसलं तरी रात्रीच्या बॅकअपमध्ये आणि लॉग फाइलमध्ये तेच आकडे पडून असतात. कॅशेचं टेबल बॅकअपमधून वगळा, काही बिघडत नाही. तिसरं, पत्त्याचा मजकूर हीच नोंद शोधायची किल्ली धरली तर ‘बी-4, आनंद सोसायटी’ आणि ‘बी 4 आनंद सोसा.’ हे दोन वेगळे पत्ते ठरतात आणि दोनदा पैसे जातात. म्हणून वरच्या कोडमध्ये मजकूर नाही, पेशंटच्या पत्त्याचा आपला अंतर्गत क्रमांक आहे.

शिवाय प्रत्येक उत्तर साठवण्याच्या लायकीचं नसतं. गूगलच्या उत्तरात `location_type` नावाची खूण येते. तिथे `ROOFTOP` असेल तर टाचणी नेमक्या घरावर आहे. `APPROXIMATE` असेल तर बहुधा अख्ख्या भागाचा मध्य हाती आला आहे. ‘मारुती मंदिराच्या मागे, कोथरूड’ असा पत्ता दिला की टाचणी कोथरूडच्या मधोमध पडते, आणि सोबत `partial_match` हीसुद्धा खूण दिसते. तिचा अर्थ, पत्त्याचा काही भागच जुळला. अशी उत्तरं कॅशेत टाकली तर एक चूक महिनाभर रोज नव्याने मुलाच्या हातात पडत राहते. ती बाजूला काढायची आणि पेशंटला एक फोन करायचा. एकाच अक्षांश-रेखांशावर वीस वेगवेगळे पेशंट राहताना दिसले, तर हीच गडबड आहे असं समजा.

एवढं केल्यावर 1,80,000 वरून आपण 18,000 वर येतो, महिन्याच्या आत पुन्हा आलेले पेशंट वगळले तर त्याहून खाली. भारतीय दराने बिल शून्य. जगभराच्या दराने 8,000 चे 40 डॉलर.

पण मधुमेहाचा पेशंट तीन महिन्यांनी येतो. तोवर नोंद पुसलेली. यावर अनेक जण सुचवतात ते `place_id`. गूगल प्रत्येक जागेला एक ओळखक्रमांक देतं आणि तो मात्र कायम साठवायला परवानगी आहे. वर्षाहून जुना झाला तर ताजा करून घ्यावा असा सल्ला आहे, आणि फक्त क्रमांकच मागणारी ती रिक्वेस्ट फुकट असते. ऐकायला छान, पण त्यात गोम आहे. त्या क्रमांकावरून पुन्हा अक्षांश-रेखांश हवे असतील तर ती रिक्वेस्ट पैशांचीच. म्हणजे `place_id` ठेवल्याने बिल कमी होत नाही. फायदा वेगळा आहे: मागच्या वेळी फोन करून, खात्री करून जी इमारत निवडली होती तीच पुन्हा मिळते, मजकुरावरून नव्याने अंदाज होत नाही.

खरा मार्ग मला वेगळाच वाटतो. मुलगा दारात पोचल्यावर ॲपमध्ये ‘पोचलो’ हे बटण दाबतोच, वेळेची नोंद व्हावी म्हणून. त्याच क्षणी त्याच्या मोबाइलचं जीपीएस वाचायचं आणि तो बिंदू पेशंटच्या नावावर ठेवायचा. हा आकडा गूगलच्या जिओकोडरने दिलेला नाही, तुमच्या माणसाने पायाने जाऊन मोजला आहे. त्याला 30 दिवसांची अट नाही आणि तो कोणत्याही नकाशावर दाखवता येतो. अट आहे ती पेशंटकडून. कोणाच्या दाराचा बिंदू ही वैयक्तिक माहिती आहे, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची चौकट तिला लागते. आधी सांगून, संमती घेऊन ठेवायचा, नको म्हणाला तर पुसायचा.

मग जिओकोडिंग फक्त नव्या पत्त्यांपुरतं उरतं. समजा 18,000 भेटींपैकी 60 टक्के जुन्या पेशंटच्या आहेत. नवे उरले 7,200. जगभराच्या दरपत्रकातही हे 10,000 च्या आत आहे. 770 डॉलरचं बिल शून्यावर आलं, आणि एकही कलम मोडावं लागलं नाही.

वाट दाखवायला तर कोणतीही सशुल्क सेवा लागत नाही. यादीतल्या नावावर टिचकी मारली की खालीलसारखी लिंक उघडायची. मोबाइलमधलंच नकाशाचं ॲप चालू होतं, गूगलकडून एपीआय की घ्यावी लागत नाही, पैसेही नाहीत:

```
https://www.google.com/maps/dir/?api=1&destination=18.5074,73.8077
```

बिल हाताबाहेर जातंय हे कसं कळेल? बिलाच्या अहवालात एसकेयूनुसार गट पाडा आणि जिओकोडिंगचा आकडा त्या महिन्याच्या भेटींनी भागा. एकाच्या आसपास किंवा खाली असेल तर ठीक. दहा आला तर कुठेतरी यादी उघडताना जिओकोडिंग चालू आहे. इतर सेवा वापरत असाल तर मोजणीचं एकक आधी बघा, कारण ‘एक रिक्वेस्ट’ प्रत्येक ठिकाणी एक नसते. अंतरांचा तक्ता मागताना 10 ठिकाणांपासून 10 ठिकाणांपर्यंत असं एकदाच विचारलं तरी बिलात 100 घटक धरले जातात. पत्ता टाइप करताना सूचना दाखवायच्या असतील तर प्रत्येक अक्षराला एक रिक्वेस्ट जाऊ शकते. चार अक्षरं होईपर्यंत आणि बोट क्षणभर थांबेपर्यंत न विचारणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो. उलट, हलता नकाशा एकदा उघडल्यावर कितीही सरकवा, मोठा करा, नव्याने पैसे लागत नाहीत.

बजेटची सूचना लावली म्हणजे खर्च थांबतो, हा गैरसमज फार महाग पडतो. ती सूचना फक्त ईमेल पाठवते. रिक्वेस्ट चालूच राहतात. थांबवायचं असेल तर त्या सेवेच्या कोट्याच्या पानावर दिवसाची कमाल मर्यादा घालावी लागते. पण इथे भारतात राहणाऱ्यांसाठी एक मजेशीर खोडा आहे. गूगलचा कोट्याचा दिवस कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला. लॅबचं काम सकाळी सहा ते दहा, उपाशीपोटी बसलेल्या लोकांचं. आदल्या दुपारपासून मोजला जाणारा कोटा सकाळी आठला संपला, तर ‘कोटा संपला’ हेच उत्तर साडेबारापर्यंत येत राहणार, आणि तोवर सगळ्यांचा नाश्ता झालेला असणार. म्हणून मर्यादा घालताना नेहमीच्या दिवसाच्या दुप्पट तरी ठेवा, आणि मर्यादा लागलीच तर टाचणीऐवजी पेशंटने सांगितलेला मूळ पत्ता दाखवा. मुलं तेवढ्यावरही पोचतात.

जीपीएसच्या बिंदूबद्दल एक खबरदारी राहिली. मोबाइल प्रत्येक बिंदूसोबत अचूकतेचा आकडा देतो, मीटरमध्ये. उंच इमारतींच्या मध्ये, जिन्यात, तळघरातल्या पार्किंगमध्ये तो 80-100 वर जातो. 30 च्या आत असेल तरच बिंदू ठेवायचा, नाहीतर पुढच्या भेटीत पुन्हा प्रयत्न. आणि दोन भेटींचे बिंदू एकमेकांपासून दीडशे मीटर लांब असतील तर मुलाला विचारा. बहुतेक वेळा त्याने बटण गेटवरच दाबलेलं असतं, वॉचमन वहीत नाव लिहून घेत असताना.